कन्व्हेयन्स नेमकं कुठे अडलंय?

प्रश्न : ठाण्यात रिसेलचा फ्लॅट घेतेय. इमारत १९९५ची, २८ फ्लॅटची. सोसायटी १९९८ साली रजिस्टर झालीय, प्रमाणपत्र ऑफिसात फ्रेम करून लावलंय. कन्व्हेयन्स २००३ मध्येच झालं, असं सेक्रेटरी काका सांगतात. त्यांनी झेरॉक्सही दिली. स्टॅम्प पेपर आहे, जमीनमालकाच्या आणि बिल्डरच्या सह्या आहेत, शेवटच्या पानावर लाल गोल शिक्का आहे. पण मी प्रॉपर्टी कार्ड काढलं, तर त्यावर जमीनमालकाच्या तीन वारसांची नावं निघाली, २०११ मध्ये लागलेली. क्षेत्रही जुळत नाही. कार्डावर १,२४० चौरस मीटर, दस्तात १,०८५. एजंट म्हणतो, सोसायटी रजिस्टर आहे, बँक कर्ज देतेय, आणखी काय हवं? बाबा म्हणतात, सौदा मोडून टाक. पुढच्या महिन्यात करारनामा करायचा ठरलाय. कुणाचं ऐकू?

उत्तर : बाबांची शंका खरी आहे. त्यांनी काढलेला निष्कर्ष मात्र घाईचा वाटतो. एजंटने दिलेल्या दोन कारणांवर तर तुम्ही अजिबात विसंबू नका, कारण त्यातलं एकही जमिनीबद्दल काही सांगत नाही.

सोसायटीची नोंदणी आणि जमिनीचं हस्तांतरण, म्हणजेच कन्व्हेयन्स, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या दोन वेगळ्या कायद्यांखाली, दोन वेगळ्या सरकारी कार्यालयांत होतात. नोंदणी होते ती महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० खाली, उपनिबंधकांकडे. तिच्यामुळे फ्लॅटधारकांच्या समूहाला कायद्याच्या नजरेत अस्तित्व मिळतं. मग बँकेत खातं उघडता येतं, देखभाल खर्च वसूल करता येतो, दावा लावता येतो. जमीन मात्र होती तिथेच राहते, म्हणजे मूळ मालकाच्या नावावर. ती सोसायटीकडे आणून देण्याची जबाबदारी १९६३च्या मोफा, म्हणजे फ्लॅट मालकी कायद्याने बिल्डरवर टाकली आहे. करारात वेगळी मुदत ठरलेली नसेल, तर सोसायटी नोंदल्यापासून चार महिन्यांत त्याने हे करून द्यायचं असतं. ही मुदत कागदावरच राहिलेल्या सोसायट्या महाराष्ट्रात ढिगाने आहेत. सभासद वर्षानुवर्षं मेंटेनन्स भरतात, निवडणुका होतात, लेखापरीक्षण होतं, आणि पायाखालची जमीन भलत्याच माणसाच्या नावावर असते.

बँकेचंही तेच. कर्ज देताना बँक पाहते ती त्या फ्लॅटच्या करारनाम्यांची साखळी, म्हणजे बिल्डरकडून पहिल्या खरेदीदाराकडे, त्याच्याकडून तुमच्या विक्रेत्याकडे. जमीन सोसायटीच्या नावावर झाली आहे की नाही, यावर ती सहसा अडून बसत नाही. कन्व्हेयन्स नसलेल्या इमारतींतल्या फ्लॅटवर बँका सर्रास कर्ज देतात. तेव्हा मंजुरीपत्रावरून बँकेला तुमच्याकडून हप्ते मिळण्याची खात्री वाटते, एवढंच सिद्ध होतं.

आधी नोंदणीचा भाग उरकून टाकू, तो सोपा आहे. निबंधकांच्या सहीचं प्रमाणपत्र हा संस्था नोंदल्याचा निर्णायक पुरावा असतो, मात्र ती नोंदणी पुढे रद्द झालेली नसली पाहिजे. म्हणून फ्रेममधला कागद १९९८ साली काय झालं ते सांगतो, आज काय स्थिती आहे ते सांगत नाही. त्या कागदावर चार गोष्टी वाचा. पहिली म्हणजे संस्थेचं पूर्ण नाव, आणि त्यात ‘नियोजित’ हा शब्द नाही ना. नियोजित संस्था पावत्या फाडतात, लेटरहेड छापतात, पण त्यांची नोंदणी झालेली नसते. दुसरी, नोंदणी क्रमांक. ठाण्यातल्या गृहनिर्माण संस्थेच्या क्रमांकात साधारणपणे टीएनए, एचएसजी आणि टीसी अशी अक्षरं आणि शेवटी वर्ष असतं. हाच क्रमांक विक्रेत्याच्या शेअर सर्टिफिकेटवर आणि देखभालीच्या बिलावर असायला हवा. तिसरी, वर्गीकरण. बिल्डरने बांधून फ्लॅट विकलेल्या इमारतीच्या संस्थेपुढे बहुतेक वेळा ‘भाडेकरू सहभागीदारी गृहनिर्माण संस्था’ असं लिहिलेलं असतं. चौथी म्हणजे पत्ता आणि सर्व्हे नंबर. इथे माणसं फसतात. एकाच आवारात ए आणि बी अशा दोन विंग असतात, प्रमाणपत्र ए विंगच्या संस्थेचं असतं आणि विकला जाणारा फ्लॅट बी विंगमधला असतो. तुमच्या इमारतीत एकच विंग असली, तरी पत्ता पडताळून घ्या.

आजची स्थिती उपनिबंधक कार्यालयातून कळते. संस्था अवसायनात निघाली आहे का, प्रशासक नेमला आहे का, शेवटचं लेखापरीक्षण कोणत्या वर्षाचं सादर झालं, शेवटची निवडणूक कधी झाली, एवढं विचारा. गृहनिर्माण सोसायटीला माहिती अधिकार सहसा थेट लागू होत नाही, पण उपनिबंधक कार्यालयाला होतो. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून तिथल्या जन माहिती अधिकाऱ्यांच्या नावाने अर्ज केला, की नोंदणी प्रमाणपत्राची आणि मंजूर उपविधींची प्रत मागता येते. यासाठी तीस दिवसांची मुदत असते, म्हणून हा अर्ज आजच टाका. सोसायटीच्या दप्तरातलं ‘जे’ नमुन्यातलं सभासदांचं रजिस्टरही पाहून घ्या. विक्रेत्याचं नाव त्यात नसेल, तर तो अजून कागदोपत्री सभासदच झालेला नाही आणि आधी त्याचं हस्तांतरण पूर्ण व्हायला हवं.

आता तुमच्या हातातल्या झेरॉक्सबद्दल बोलू. तुम्ही वर्णन केलेला लाल गोल शिक्का जवळजवळ नक्कीच नोटरीचा आहे. नोटरी फक्त एवढंच सांगतो, की या माणसांनी माझ्यासमोर सही केली. जमिनीची मालकी हस्तांतरित करायची तर दस्त दुय्यम निबंधकांकडे नोंदवावाच लागतो. शंभर रुपये किंवा त्याहून अधिक किमतीच्या स्थावर मालमत्तेची विक्री नोंदणीकृत दस्ताशिवाय होत नाही, आणि न नोंदवलेल्या दस्ताने मालकी बदलत नाही. सेक्रेटरी काका तुम्हाला फसवत असतील असं मला वाटत नाही. त्या वेळी मालक आला, बिल्डर आला, सगळ्यांनी सह्या केल्या, पेढे वाटले आणि सगळ्यांना काम झालं असं वाटलं, असं पुष्कळ सोसायट्यांत घडलं आहे. मुद्रांक शुल्काचा आकडा ऐकून नोंदणी ‘नंतर करू’ म्हणून राहिली आणि मग समिती बदलली.

दस्त खरोखर नोंदवलेला आहे की नाही, हे ओळखायला वकील लागत नाही. नोंदवलेल्या दस्ताच्या प्रत्येक पानावर दुय्यम निबंधक कार्यालयाचा शिक्का असतो. त्यात कार्यालयाची खूण, दस्त क्रमांक, वर्ष आणि पान क्रमांक असतो. ठाण्याच्या कार्यालयांची खूण ‘टनन’, कल्याणची ‘कलन’, पुण्यातल्या हवेलीची ‘हवल’. २००३ पर्यंत नोंदणीचं संगणकीकरण झालेलं होतं. त्यामुळे त्या साली नोंदवलेल्या दस्ताच्या शेवटी पक्षकारांचे फोटो आणि अंगठ्यांचे ठसे असलेली गोषवाऱ्याची पानं असायला हवीत आणि सोबत नोंदणी फीची पावती हवी. तुमच्या प्रतीत यातलं काहीच नसेल, तर उत्तर जवळपास मिळालं.

तरीही फक्त प्रतीवरून निर्णय करू नका. कधी कधी सोसायटीच्या कपाटात कच्ची प्रत राहते आणि नोंदवलेला मूळ दस्त माजी अध्यक्षांच्या घरी असतो. म्हणून सूची क्रमांक दोन, म्हणजे इंडेक्स टू, शोधा. नोंदणी विभागाच्या igrmaharashtra.gov.in या संकेतस्थळावर ई-सर्चची सोय आहे. जिल्हा, गाव, वर्ष आणि मिळकतीचा क्रमांक टाकला, की त्या जमिनीवर नोंदवलेले दस्त दिसतात. इथे एक गोष्ट सांभाळा. २००३च्या दस्ताची नोंद जुन्या सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबरखाली असू शकते, तर तुमच्या प्रॉपर्टी कार्डावर सिटी सर्व्हे नंबर असतो. दोन्ही क्रमांकांनी शोधा. वर्षंही दोन घ्या, २००३ आणि २००४. कारण सही झाल्यावर चार महिन्यांत दस्त नोंदवायचा असतो आणि दंड भरून आणखी चार महिने मिळतात. त्यानंतर तो दस्त नोंदवता येत नाही. म्हणजे तुमच्या बाबतीत २००३चा कागद तेव्हा नोंदवला गेला नसेल, तर आज तोच कागद घेऊन कार्यालयात जाण्यात अर्थ नाही. ऑनलाइन काही सापडलं नाही, तर दुय्यम निबंधक कार्यालयात शोध फी भरून प्रत्यक्ष शोध घ्या, कारण जुन्या नोंदी सगळ्या ऑनलाइन दिसतीलच असं नाही.

हाच शोध २०११ नंतरच्या वर्षांसाठीही घ्या. तुमच्या निर्णयाच्या दृष्टीने मला हा शोध सर्वांत महत्त्वाचा वाटतो. त्या तीन वारसांनी नाव लागल्यानंतर या जमिनीचं काय केलं? कुणाला विकसन करारनामा करून दिला का? कुणाला कुलमुखत्यारपत्र दिलं? जमीन गहाण ठेवली? दाव्याची नोटीस नोंदवलेली आहे का? नुसतं वारसांचं नाव लागणं ही साधी गोष्ट आहे. मालक वारला, दप्तरात त्याचंच नाव होतं, मुलांनी वारसनोंद करून घेतली, इतकंच. पण वारसांनी पुढे तिसऱ्याच माणसाशी नोंदणीकृत व्यवहार केलेला असेल, तर सोसायटीला त्या माणसाशीही लढावं लागेल आणि तसं दिसलं तर मी बाबांच्या बाजूने मत देईन. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर सोसायटीचं, बिल्डरचं आणि वारसांचं नाव टाकून ठाण्याच्या दिवाणी न्यायालयातले दावेही पाहून घ्या.

आता प्रॉपर्टी कार्ड. ते काढलंत हे फार चांगलं केलंत. दस्त नोंदवला म्हणजे संपलं, असं समजून थांबलेल्या सोसायट्याही मी पुष्कळ पाहते. नोंदणीनंतर नगर भूमापन कार्यालयात अर्ज करून फेरफार करून घ्यावा लागतो. कार्यालय संबंधितांना नोटीस काढतं, पंधरा दिवस हरकतीसाठी देतं आणि मग नवीन धारक म्हणून सोसायटीचं नाव लागतं. कार्डावर ‘व्यवहार’, ‘नवीन धारक’ आणि ‘साक्षांकन’ असे रकाने असतात. सोसायटीचं नाव नवीन धारक म्हणून आलं आहे आणि साक्षांकनाच्या रकान्यात अधिकाऱ्याची सही आहे, असं दिसलं तर काम पूर्ण झालं म्हणायचं. नाव ‘इतर भार’ किंवा ‘पट्टेदार’ याखाली असेल, तर ती मालकी नव्हे. ज्या गावांत नगर भूमापन अलीकडे झालं, तिथे जुना सातबारा बंद झाला आहे का हेही बघा. काही ठिकाणी सातबारावर एक नाव आणि कार्डावर दुसरं, असा घोळ अजून सापडतो. दोन्ही उतारे डिजिटल सहीने मिळतात. नुसते पाहण्यासाठीचे उतारे bhulekh.mahabhumi.gov.in वर आहेत.

क्षेत्रातला १५५ चौरस मीटरचा फरक तुम्ही टिपलात, त्याकडे थोडं सावकाश पाहू, कारण त्यातून बिल्डरचा हेतू कळतो. यासाठी महापालिकेने मंजूर केलेला नकाशा लागेल. त्याच्या एका कोपऱ्यात क्षेत्राचा तक्ता असतो. त्यात आधी भूखंडाचं एकूण क्षेत्र, मग रस्ता रुंदीकरणाखाली किंवा आरक्षणाखाली वजा होणारं क्षेत्र आणि शेवटी निव्वळ भूखंड. समजा, तुमच्या नकाशात एकूण १,२४० आहे, रस्त्यासाठी वजा १५५ आणि निव्वळ १,०८५. मग कोडं सुटलं. बिल्डरने रस्त्याची पट्टी वगळून निव्वळ भूखंड दिला आणि कार्डावर रस्त्याचं क्षेत्र अजून वेगळं काढलेलं नाही. अशा वेळी एकच प्रश्न उरतो. रस्त्याच्या जागेच्या मोबदल्यात मिळणारा एफएसआय किंवा टीडीआर, म्हणजे जादा बांधकामाचा हक्क, कुणी घेतला?

पण समजा, नकाशात रस्त्याखाली ९० चौरस मीटरच आहेत. मग निव्वळ भूखंड १,१५० होतो आणि ६५ चौरस मीटरचा हिशोब लागत नाही. ही पट्टी बहुधा कडेची असते, मागच्या कुंपणालगत किंवा शेजारच्या भूखंडाकडे जाणाऱ्या वाटेवर. बिल्डरने ती मुद्दाम स्वतःकडे ठेवलेली असू शकते. पुनर्विकासाच्या वेळी या ६५ चौरस मीटरवरचं बांधकाम क्षेत्र सोसायटीला मिळणार नाही, आणि वाटेचा हक्क त्याच्याकडे राहिला तर तो आयत्या वेळी अडवू शकतो. ताळा करायला तिसरा कागद आहे तो म्हणजे विक्रेत्याच्या मूळ, १९९५च्या आसपासच्या करारनाम्यातलं परिशिष्ट. बिल्डरने सभासदांना कोणती जमीन, किती क्षेत्र देण्याचं कबूल केलं होतं, ते तिथे लिहिलेलं असतं. दस्ताचं क्षेत्र या परिशिष्टापेक्षा कमी असेल, तर सोसायटीने तो दस्त तसाच पुढे न्यायला नको होता. एका अर्थी नोंदणी झाली नाही ते बरंच झालं असं म्हणायची पाळी येईल, कारण आता पूर्ण क्षेत्र मागता येईल.

तो मूळ करारनामा हातात आलाच, तर तो नोंदवलेला आहे का आणि त्यावर मुद्रांक शुल्क पूर्ण भरलं आहे का, हेही बघा. त्या काळात साध्या स्टॅम्प पेपरवर करार करून ताबा घेतलेली माणसं बरीच आहेत. याचा तुमच्या फ्लॅटशी जितका संबंध आहे, तितकाच कन्व्हेयन्सशीही आहे. कन्व्हेयन्सचा दस्त मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे अभिनिर्णयासाठी, म्हणजे शुल्क ठरवून घेण्यासाठी, जातो, तेव्हा सभासदांनी आपापल्या करारनाम्यांवर भरलेलं शुल्क त्यात वजा धरलं जातं. सगळ्या २८ जणांनी नीट भरलेलं असेल, तर सोसायटीवर बोजा फारसा पडत नाही. त्यातल्या पाच-सहा जणांनी भरलेलंच नसेल, तर त्यांच्या वाट्याची रक्कम निघते आणि ती कोण भरणार यावरून सभा मोडतात. माझ्या अनुभवात कन्व्हेयन्स बिल्डरमुळे जितकं अडतं, जवळपास तितकंच या एका भांडणामुळे अडतं. शिल्लक एफएसआय असेल, तर त्यावरही शुल्क लागू शकतं.

म्हणून ‘कन्व्हेयन्स झालं आहे का’ या प्रश्नाऐवजी तुम्ही ‘ते कुठे अडलंय’ असं विचारा. सह्या झाल्या, शुल्क भरलं, दस्त नोंदवला, फेरफार झाला, या चार टप्प्यांपैकी कागदाने सिद्ध होणारा शेवटचा टप्पा कोणता, ते शोधा. तुमच्या पत्रावरून ते सह्यांपाशीच थांबलेलं दिसतं.

इथून पुढे सोसायटीला दोन वाटा आहेत. पहिली म्हणजे वारस आणि बिल्डर यांच्याकडून नवा दस्त करून घेणं, किंवा जुना दस्त जोडून पुष्टीकरणाचा नवा दस्त नोंदवणं. वारस सरळ असतील तर हे काही महिन्यांत होतं. मात्र जुन्या दस्तात क्षेत्र कमी असेल, तर त्याची पुष्टी करू नका, नवाच दस्त करा.

दुसरी वाट मानीव अभिहस्तांतरणाची, म्हणजे डीम्ड कन्व्हेयन्सची. वारस किंवा बिल्डर सही देत नसतील, सापडत नसतील, अवास्तव पैसे मागत असतील, तर सोसायटी सर्वसाधारण सभेत ठराव करून जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करते. ते मोफाखाली सक्षम प्राधिकारी असतात. अर्जाला दोन हजार रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो. सोबत संस्थेचं नोंदणी प्रमाणपत्र, प्रॉपर्टी कार्ड किंवा सातबारा, सभासदांच्या इंडेक्स टूची यादी, करारनाम्याची नमुना प्रत, मंजूर नकाशा असे कागद जोडतात. भोगवटा प्रमाणपत्र नाही म्हणून हातावर हात ठेवून बसलेल्या सोसायट्या असतात. २०१८च्या शासन निर्णयापासून तिथे स्वयंघोषणापत्र चालतं. बिल्डर, जमीनमालक किंवा त्याचे वारस यांना नोटीस जाते, सुनावणी होते आणि कायद्याप्रमाणे सहा महिन्यांत निर्णय व्हायला हवा. प्रत्यक्षात वेळ जास्त लागतो, तो धरूनच चाला. या अर्जात सेक्रेटरी काकांकडची ती नोटरी केलेली प्रत फार उपयोगी पडेल. तिने मालकी मिळाली नसली, तरी मूळ मालकाने आणि बिल्डरने जमीन सोसायटीला देणं लागतो हे सहीनिशी मान्य केल्याचा तो पुरावा आहे. ती फेकू नका आणि तिची मूळ प्रत कुणाकडे आहे ते आधी शोधायला सांगा.

या वाटेवरही मधेच थांबण्याची जागा आहे, आणि बरीच मंडळी तिथे थांबतात. जिल्हा उपनिबंधकांनी आदेश काढला आणि प्रमाणपत्र दिलं, की सोसायटीत सत्कार होतो आणि काम संपलं असं वाटतं. पण त्या आदेशाने जमीन नावावर होत नाही. त्याच्या आधारे एकतर्फी दस्त तयार करावा लागतो, त्याचा अभिनिर्णय होतो, तो दुय्यम निबंधकांकडे नोंदवला जातो आणि मग फेरफार. इतर वाचकांनीही लक्षात ठेवावं, की कुणी ‘आमचं डीम्ड झालंय’ म्हणून आदेशाची प्रत दाखवली, तर पुढचा प्रश्न इंडेक्स टूचा विचारायचा. शिवाय मानीव अभिहस्तांतरणाने मालकीचे सगळे वाद मिटतात असंही नाही. ज्याला हरकत आहे, त्याला दिवाणी न्यायालयाचा दरवाजा उघडाच राहतो.

काही वाचकांना यातलं बरंचसं लागू होणार नाही, तेही सांगून ठेवते. जमीन सिडकोची किंवा म्हाडाची असेल, तर बहुधा ती भाडेपट्ट्यावर असते. तिथे मालकीचं कन्व्हेयन्स शोधू नका, सोसायटीच्या नावचा भाडेपट्टा नोंदवलेला आहे का ते बघा. पुण्यात अनेक इमारती १९७०च्या अपार्टमेंट कायद्याखाली आहेत. तिथे सोसायटी नसतेच, घोषणापत्र आणि प्रत्येक फ्लॅटचं डीड ऑफ अपार्टमेंट नोंदवलेलं असावं लागतं. मोठ्या लेआउटमध्ये एका इमारतीला स्वतंत्र जमीन तोडून मिळण्याऐवजी अविभक्त हिस्सा मिळतो. रेराखालच्या नव्या प्रकल्पांत इमारत सोसायटीला आणि जमीन सगळ्या सोसायट्यांच्या शिखर संस्थेला जाते.

मग तुम्ही काय करायचं? कन्व्हेयन्स नसलेला फ्लॅट घेणं बेकायदा नाही. ठाण्या-मुंबईत तसं ठरवलं, तर बाजारातले कितीतरी फ्लॅट बाद होतील. तुम्ही फ्लॅटचा ताबा, सभासदत्व आणि भावी हक्कातला हिस्सा विकत घेताय. त्यातला शेवटचा हिस्सा आज अपुरा आहे आणि किमतीत तो दिसायला हवा. त्या भागात पुनर्विकासाची चर्चा असेल आणि विक्रेता त्या आशेचे पैसे लावत असेल, तर ते देऊ नका. जमीन नावावर नसलेल्या सोसायटीशी बोलायला विकासक येतात, पण पहिली अट कन्व्हेयन्सचीच घालतात किंवा ते करून देण्याच्या बदल्यात सभासदांचा वाटा कमी करतात.

माझ्या मते निर्णय तीन उत्तरांवर ठरवा. २०११ नंतर वारसांनी कुणाशी नोंदणीकृत व्यवहार केलेला नाही. कोर्टात दावा नाही. विक्रेत्याचा मूळ करारनामा नोंदवलेला आहे. ही तिन्ही उत्तरं अनुकूल आली, तर हे काम केवळ हलगर्जीपणाने राहिलेलं आहे आणि किंमत थोडी खाली आणून फ्लॅट घ्यायला मी हरकत घेणार नाही. क्षेत्राचा फरक मिटलेला नसला तरीही, कारण तो दुरुस्त होण्यासारखा आहे. तिन्हींपैकी पहिलं किंवा दुसरं उत्तर प्रतिकूल आलं, तर सौदा सोडा. तिसरंच प्रतिकूल असेल, तर विक्रेत्याला आधी तो दोष स्वतःच्या खर्चाने दूर करायला लावा आणि मगच पुढे जा.

करारनाम्याची तारीख महिनाभर पुढे न्या. विक्रेता घाई करत असेल, तर टोकन छोटं ठेवा आणि त्या पावतीवरच लिहून घ्या, की शोध अहवालात जमिनीवर तिसऱ्या व्यक्तीचा हक्क किंवा दावा आढळला, तर टोकन पूर्ण परत मिळेल. तीस वर्षांचा शोध अहवाल वकिलाकडून घ्या आणि त्याला स्पष्ट सांगा, की नुसत्या फ्लॅटचाच नव्हे, जमिनीचाही शोध हवा. नाहीतर अहवाल करारनाम्यांच्या साखळीवरच संपतो. करारनाम्यात एक कलम घाला. विक्रेत्याच्या काळातली कन्व्हेयन्ससंबंधीची थकबाकी, विशेषतः त्याच्या करारनाम्यावरचं अपुरं मुद्रांक शुल्क आणि सोसायटीने आधीच ठरवलेली वर्गणी, तो भरेल. ही वर्गणी ठरली होती का, ते सोसायटीच्या सभांच्या इतिवृत्तात सापडेल. सेक्रेटरी काकांना मागच्या चार-पाच वर्षांची इतिवृत्तं दाखवायला सांगा. ‘कन्व्हेयन्स’ या विषयावर तिथे काय लिहिलंय आणि कोणत्या सभेनंतर लिहिणं बंद झालं, एवढं वाचलंत तरी अडकण्याचं खरं कारण बहुतेक तिथेच मिळेल.